रिकामी गव्हाण आणि मध्यरात्रीची मिस्सा

पहिल्या वर्षी आम्ही थेट 24 डिसेंबरच्या रात्रीच गेलो. वसईत राहायला येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. लेकीच्या वर्गातल्या मैत्रिणीच्या घरून आमंत्रण आलं आणि आम्ही चौघं नटूनथटून चर्चमध्ये हजर झालो. दिवे, तारे, गायन, सगळं छान होतं. मग एका टप्प्यावर माणसं रांगेनं वेदीकडे निघाली, फादर प्रत्येकाच्या हातावर काहीतरी पांढरं, गोल ठेवू लागले. आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांनी देवळातल्या सवयीनं उजवा हात पुढे करून रांग धरली. बायकोनं शर्टाला धरून त्याला मागे ओढलं, तो रडवेला झाला, आणि पुढच्या बाकावरच्या आजींनी वळून पाहिलं.

चूक त्याची नव्हती. आपल्याकडे देवाच्या दारात कुणी हातावर काही ठेवलं तर तो प्रसाद. नाही म्हणणं हाच उद्धटपणा. पण ती गव्हाची पातळ चकती, ज्याला ते पवित्र कम्युनियन म्हणतात, ती प्रसाद नव्हे. मिस्सेत फादर भाकर आणि द्राक्षारसावर प्रार्थना म्हणतात, त्यानंतर ती भाकर साक्षात ख्रिस्ताचं शरीर झाली अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. फादर ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणतात आणि घेणारा ‘आमेन’ म्हणतो, म्हणजे ‘होय, मी हे मानतो’. घेणं हीच श्रद्धेची कबुली असल्यामुळे बाप्तिस्मा न झालेल्यानं ते घ्यायचं नसतं. पाहुण्यानं रांग सुटेपर्यंत जागेवर बसून राहावं, बाकावरून इतरांना जायला पाय आखडून वाट द्यावी, एवढंच. यात कुणालाच अपमान वाटत नाही. खरी पंचाईत होते ती चुकून घेतलं गेल्यावर: मुलं ती चकती खिशात टाकतात, रुमालात गुंडाळतात. तसं झालं तर लाज न बाळगता लगेच फादरांना किंवा सोबतच्या मित्राला सांगून परत द्यावी. ती घरी नेणं त्यांना फार लागतं.

ते पाहणाऱ्या आजी म्हणजे आमच्या यजमानीणबाईंच्या सासूबाई. मिस्सा संपल्यावर त्यांनी पोराच्या हातात दोन कलकल ठेवले आणि आम्हाला म्हणाल्या, “पुढच्या वर्षी आधी एका रविवारी या. आज आलात म्हणजे लग्नाला थेट पंगतीला आल्यासारखं.”

दुसऱ्या वर्षी गेलो, आणि आजींचं म्हणणं कळलं. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. सुरुवातीची तारीख ठरलेली नसते, 25 डिसेंबरपासून मागे चार रविवार मोजायचे. म्हणून हा काळ कमीजास्त होतो. 2022 मध्ये नाताळच रविवारी आला, तेव्हा आगमनकाळ 27 नोव्हेंबरला सुरू होऊन पुरे 28 दिवस चालला. 2023 मध्ये चौथा रविवार 24 डिसेंबरलाच आला, आणि सगळं 22 दिवसांत आटोपलं. त्या वर्षी सकाळी आगमनकाळाची शेवटची मिस्सा आणि रात्री नाताळची, अशी धावपळ झाली.

या दिवसांत चर्च मुद्दाम हात आखडून वागतं. फादरांचा झगा जांभळा असतो, फुलांची आरास बेताची. वेदीजवळ हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवत लावायच्या, गुलाबीचा मान तिसऱ्या रविवारचा, कारण तो वाट पाहण्याच्या मध्येच आनंदाचा दिवस. हे चक्र प्राचीन वाटतं, पण तसं नाही. 1839 मध्ये हँबुर्गच्या एका अनाथ मुलांच्या आश्रमात योहान विखर्न या प्रोटेस्टंट पाद्र्यानं बैलगाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण मुलं रोज विचारायची, “नाताळ कधी?” कॅथलिकांनी ते पुढे विसाव्या शतकात उचललं. एका मुलांना गप्प करण्याच्या युक्तीतून विधी जन्मला, हे मला फार आवडलं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. एरवी रविवारच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ नावाचं स्तुतीचं गीत असतं. आगमनकाळातल्या रविवारी ते गात नाहीत. नवख्याला ते नसल्याचं कळायचं कारणच नाही, म्हणून कुणीतरी कानात सांगावं लागतं. आम्हाला आजींनी सांगितलं.

घरातही तसंच. आजींच्या ओटीवर बाळ येशूच्या जन्माचा गोठा मांडायला डिसेंबरच्या मध्यावर सुरुवात होते. गोठ्याभोवतीचं हिरवं शेत खरं उगवलेलं असावं म्हणून पसरट ताटात माती घालून साधारण दहा दिवस आधी नाचणी पेरायची. फार आधी पेरली तर रोपं लांबून आडवी पडतात, उशीर झाला तर माती नुसती कोंबांनी टोचल्यासारखी दिसते. पाणी ओतायचं नाही, हातानं शिंपडायचं, नाहीतर बी एका बाजूला वाहत जातं. माझ्या बायकोनं हे ऐकलं आणि म्हणाली, “अहो आजी, हे तर आमचं घटस्थापनेचं!” ताट करायला मग तीच बसली. मेंढ्या, मेंढपाळ, मरिया, योसेफ, बैल, गाढव सगळे जागेवर ठेवले. मधली गव्हाण रिकामी. बाळाची मूर्ती आजींच्या कपाटात, जुन्या साडीच्या घडीत. 24 च्या रात्रीपर्यंत ती बाहेर येत नाही.

फराळाचंही याच काळात. कलकल म्हणजे मैदा, रवा, नारळाचं दूध यांच्या पिठाच्या गोळ्या काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायच्या, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उठतात. दाब कमी पडला तर तेलात उलगडतात, पीठ घट्ट झालं तर दाताला लागतात. माझे पहिले वीस उलगडले. आजींनी ते वेगळ्या वाटीत काढून ठेवले आणि “हे फक्त तुमच्यासाठी” म्हणाल्या.

आता रात्रीचं. ‘मिडनाइट मास’ म्हटलं तरी वेळ आधी विचारून घ्या. रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे, काही ठरावीक दिवशीच सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. म्हणून मैदानात मिस्सा ठेवणारी बरीच चर्च ती संध्याकाळीच लवकर उरकतात. दहाच्या सुमाराला निवांत पोचलेल्या पाहुण्यांना तेव्हा खुर्च्या गोळा होताना दिसतात. मित्राच्या घरी जेवणाचा आग्रहही सांभाळून करावा. कम्युनियन घेणाऱ्यांनी त्याआधी किमान एक तास पाणी-औषधाखेरीज काही खायचं नसतं. पुरणपोळीचा डबा नेलात तर तो मिस्सेनंतर उघडा.

वसईत बहुतेक ठिकाणी मिस्सा मराठीत असते, तेव्हा शब्द कळण्याची अडचण नाही. पूर्वी हे सगळं लॅटिनमध्ये चालायचं. 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषा आल्या. उठबस मात्र बरीच असते. मधल्या ओळीत, ओळखीच्या कुटुंबाच्या मागे बसावं आणि ते उभे राहिले की उभं राहावं. गुडघे टेकणं पाहुण्याला बंधनकारक नाही, शांत बसून राहिलं तरी चालतं. श्रद्धेचा कबुलीजबाब म्हणताना मात्र एरवी न घडणारी गोष्ट घडते. देव माणूस झाला, या वाक्यापाशी एरवी लोक नुसती मान लववतात, नाताळला त्या शब्दांवर सगळं चर्च गुडघ्यांवर येतं. क्षणभरच. बाकं एकदम करकरतात.

शांतीचा टप्पा येतो तेव्हा घाबरू नका, शेजारचे वळून हात जोडतात, आपणही जोडायचे. त्यात पाहुणा-यजमान नसतो.

आणि ग्लोरिया. त्या रात्री फादर पांढऱ्या झग्यात आले, मिस्सा सुरू झाली, आणि चार आठवडे गप्प असलेलं ते गीत एकदम उठलं. दारावरची मोठी घंटा आणि वेदीजवळच्या छोट्या घंटा एकाच वेळी वाजू लागल्या. बाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवली गेली. (काही चर्चमध्ये हे मिस्सेच्या आरंभीच होतं.) मागच्या वर्षी मी हेच ऐकलं होतं, आणि ते नुसतं मोठ्यानं गाणं वाटलं होतं. यंदा लेक माझा हात दाबून कुजबुजली, “बाबा, आलं!”

घंटा वाजत असताना मला भलतंच आठवलं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. भीमाशंकरची तर मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून वाजवली आहे.

कम्युनियनची रांग लागली तेव्हा चिरंजीव हात मांडीखाली घालून बसले होते, जरा जास्तच. शेवटी दुसरी रांग लागली, गोठ्यातल्या बाळाला नमस्कार करायला. ती सगळ्यांची. आजींनी त्याला खूण केली, तसा तो सुटला. इथं त्यानं हात जोडले, आणि खिशातून एक नाणं काढून गवतावर ठेवलं. ते तिथं ठेवायचं नसतं, दानपेटी शेजारी आहे, पण कुणी काही बोललं नाही.

घरी परतलो तेव्हा दीड वाजला होता. आजींनी साडीची घडी उलगडून त्यांचं बाळ गव्हाणीत ठेवलं. मग कलकल, करंज्या, पेरूची बर्फी, आमच्या पुरणपोळ्या. लेकीनं गोठा नीट पाहिला आणि विचारलं, “आजी, तीन राजे कुठे आहेत?”

आजींनी फ्रिजकडे बोट दाखवलं. तिन्ही राजे उंटांसह फ्रिजच्या डोक्यावर उभे होते. बेथलेहेमला पोचायला त्यांना अजून वेळ आहे, त्यांचा सण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तोवर त्यांना रोज थोडं थोडं पुढे सरकवायचं. “उद्या मिक्सरपर्यंत आणायचे,” आजी म्हणाल्या. लेकीनं विचारलं, उद्या ती येऊ शकते का.