२२० ओहमचा लगाम

मुंबई विद्यापीठाच्या ‘इलेक्ट्रॉनिक डिव्हायसेस अँड सर्किट्स’ या पेपराला वर्षानुवर्षं एक डेटा शीट जोडलेली असे. घोडबंदर रोडवरचं ए. पी. शाह कॉलेज असो की डोंबिवलीतलं जोंधळे, या पट्ट्यात विद्यापीठाचा हा विषय शिकलेल्यांना ती छोट्या टायपातली आकड्यांची गर्दी आठवत असेल. त्या गर्दीत बीएफडब्ल्यू-११ नावाच्या जेफेटसाठी एक तक्ता होता. नाव एकच, पण त्याखाली ओळी तीन: जास्तीत जास्त, सर्वसाधारण आणि कमीत कमी.

जेफेट म्हणजे जंक्शन फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर. त्या तक्त्यानुसार गेट आणि सोर्स यांच्यात शून्य व्होल्ट असताना सर्वसाधारण नग ७ मिलिअँपिअर प्रवाह सोडतो, आणि गेट सोर्सपेक्षा २.५ व्होल्टनं खाली नेलं की तो प्रवाह पूर्ण थांबतो. सगळ्यात अशक्त नग ४ मिलिअँपिअरवर सुरू होऊन १.२ व्होल्टलाच बंद पडतो. सगळ्यात दणकट नग १० मिलिअँपिअर सोडतो आणि त्याला थांबवायला ४ व्होल्ट लागतात. म्हणजे गेटला उणे १.२ व्होल्ट दिले, तर एक नग पार बंद असेल आणि त्याच नावाचा दुसरा ५ मिलिअँपिअरच्या आसपास वाहत असेल. लॅमिंग्टन रोडच्या दुकानातून आणलेल्या पुडीत यातला कोणता नग निघेल, हे वरच्या धातूच्या टोपीवरचा छापील नंबर सांगत नाही.

तरीही या नगांवर ॲम्प्लिफायर बांधता येतो, आणि पुडीतला कोणताही नग लावला तरी तो चालतो. हे घडवून आणतो सोर्सच्या पायाला लावलेला एक साधा रेझिस्टर. तो हे कसं करतो ते आकड्यांत पाहणं फार सुंदर आहे.

आधी आत काय चाललंय ते पाहू. एन-चॅनेल जेफेटमध्ये सिलिकॉनची एक अरुंद वाट असते. तिच्या एका टोकाला ड्रेन, दुसऱ्या टोकाला सोर्स. वाटेच्या बाजूंना पी प्रकारचं सिलिकॉन असतं, ते म्हणजे गेट. गेट सोर्सपेक्षा ऋण ठेवलं की त्या सांध्याजवळचे वाहक इलेक्ट्रॉन मागे सरतात आणि वाट दोन्हीकडून आवळली जाते. व्होल्टेज वाढवत नेलं की एका क्षणी वाट मिटते. गेटमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, सगळी हुकमत नुसत्या विद्युत क्षेत्राची. विल्यम शॉक्लीनं हा सिद्धांत १९५२ मध्ये मांडला. त्याच्या मूळ गणितात दीड घातांकाची पदं आहेत, पण त्यांच्या अगदी जवळून जाणारा वर्गाचा नियम हाताळायला सोपा, म्हणून डिझाइनला तोच वापरतात:

```
ID = IDSS × (1 − VGS/VP)²
```

`ID` हा ड्रेनचा प्रवाह आणि `VGS` हे गेट-सोर्समधलं व्होल्टेज. `IDSS` म्हणजे गेट-सोर्समध्ये शून्य व्होल्ट असतानाचा प्रवाह, आणि `VP` म्हणजे वाट मिटवणारं व्होल्टेज. आपल्या सर्वसाधारण नगासाठी हे आकडे ७ मिलिअँपिअर आणि उणे २.५ व्होल्ट.

सिग्नलला वर-खाली दोन्हीकडे हलायला जागा हवी, म्हणून प्रवाह ७ च्या निम्मा, म्हणजे ३.५ मिलिअँपिअर ठेवायचं ठरवू. सूत्रात कंसाचा वर्ग अर्धा आला पाहिजे, म्हणजे कंस ०.७०७. त्यावरून गेट सोर्सपेक्षा ०.७३ व्होल्ट खाली हवं. आता प्रश्न असा की हे ऋण व्होल्टेज आणायचं कुठून? वेगळी बॅटरी लावता येईल, पण तिची गरजच पडत नाही. सोर्स आणि जमीन यांच्यामध्ये रेझिस्टर घातला की ड्रेनचा प्रवाह त्यातूनच वाहतो आणि सोर्स जमिनीपेक्षा थोडा वर उचलला जातो. गेट १ मेगाओहमच्या रेझिस्टरनं जमिनीला बांधलेलं असतं. त्यातून प्रवाह जवळजवळ नसल्यामुळे गेट शून्यावरच राहतं. सोर्स वर आणि गेट शून्यावर, म्हणजे सोर्सच्या नजरेतून गेट ऋणच झालं! सेल्फ बायस म्हणतात ते हेच.

रेझिस्टर किती हवा, हे ओहमचा नियम सांगतो: ०.७३ भागिले ३.५ मिलिअँपिअर, म्हणजे २०९ ओहम. बाजारात सहज मिळतो २२०, तोच घेऊ. आता उलट दिशेनं तपासायचं, की २२० ओहमवर प्रवाह नेमका किती येईल? गेट-सोर्स व्होल्टेज प्रवाहावर अवलंबून आहे आणि प्रवाह त्या व्होल्टेजवर. दोन्ही अटी एकदम पाळल्या की वर्गसमीकरण मिळतं:

```
ID = 7 × (1 − 0.22 × ID/2.5)²
```

याची दोन उत्तरं येतात, ३.४२ आणि ३७.८ मिलिअँपिअर. दुसरं उत्तर गणिताला मान्य आहे, जेफेटला नाही. तेवढ्या प्रवाहाला सोर्स ८ व्होल्टच्या वर जाईल, आणि वाट तर २.५ व्होल्टलाच मिटते. वर्ग केल्यामुळे पॅराबोलाची दुसरी, अस्तित्वात नसलेली बाजूही समीकरणात शिरते, म्हणून हे खोटं मूळ दरवेळी उगवतं. ओळखायची खूण सोपी: ज्या उत्तरानं सोर्स वाट मिटवणाऱ्या व्होल्टेजच्याही वर जातो, ते टाकून द्यायचं. खरा प्रवाह ३.४२ मिलिअँपिअर आणि सोर्स ०.७५ व्होल्टवर.

आता खरी परीक्षा. सर्किटला १५ व्होल्टचा पुरवठा आहे आणि ड्रेनला १.८ किलोओहमचा रेझिस्टर. समजा बॅटरी लावून गेटला कायमचे उणे ०.७५ व्होल्ट दिले आणि सोर्स थेट जमिनीला जोडला. सर्वसाधारण नग ठरल्याप्रमाणे ३.४ मिलिअँपिअर देईल. अशक्त नग जेमतेम ०.५६ देईल, दणकट नग ६.६. जवळजवळ बारापट फरक. दणकट नगाच्या ड्रेनवर ३.१ व्होल्ट उरतील, आणि वर्गाचा नियम लागू राहायला त्याला किमान सव्वातीन हवेत. ॲम्प्लिफायरचा तोल इथेच जातो: सिग्नल खाली आला की चपटा होतो आणि आवाज फाटतो.

त्याच तिन्ही नगांना बॅटरीऐवजी २२० ओहम लावा. समीकरण तिघांसाठी सोडवलं की अशक्त नग १.८ मिलिअँपिअरवर स्थिरावतो, सर्वसाधारण ३.४ वर, दणकट ५.१ वर. बारापटीचा फरक तीनपटीच्या आत आला! दणकट नगाच्या ड्रेन-सोर्समध्ये ४.६ व्होल्ट उरतात आणि त्याची गरज २.९ ची आहे, म्हणजे तोही सुखरूप. दणकट नग जास्त प्रवाह ओढायला जातो, तसा सोर्स आणखी वर चढतो, गेट आणखी ऋण होतं आणि वाट आवळली जाते. अशक्त नगाचा प्रवाह कमी, म्हणून सोर्स खालीच राहतो आणि त्याची वाट मोकळी सुटते. नग बदलला की बायस आपोआप बदलतो, तेही त्या नगाला सोसेल तेवढाच. प्रवाहाला लगाम घालतो तो प्रवाहच.

हा लगाम सिग्नललाही बसतो, ही त्याची किंमत. सिग्नल वर गेला की सोर्सही मागोमाग वर जातो आणि गेट-सोर्समधला फरक घटतो. या बिंदूवर साधारण ६.८ पट वाढ मिळायला हवी, ती ३.७ च्या आसपास येते. उपाय म्हणजे २२० ओहमला समांतर १०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. तो स्थिर प्रवाहाला दाद देत नाही, म्हणून बायस जसाच्या तसा राहतो. सिग्नलला मात्र तो थेट जमिनीवर उतरवतो. साधारण १५ हर्ट्झच्या वरचे सगळे आवाज मग जवळजवळ पूर्ण वाढीनिशी बाहेर येतात.

सर्किट बरोबर चाललंय का, हे मल्टिमीटर सोर्सवर एकदा टेकवून कळतं. पाऊण व्होल्टच्या आसपास दिसलं तर उत्तम. अर्धा किंवा एक-सव्वा व्होल्ट दिसला तरी घाबरू नये, नगांमधला फरकच तेवढा असतो, शिवाय वर्गाचा नियम खऱ्या वक्ररेषेपासून दहा-पंधरा टक्के हटू शकतो. सोर्सवर शून्य आणि ड्रेनवर फक्त दोन-अडीच व्होल्ट दिसले, तर १०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर शॉर्ट झालाय आणि नग `IDSS` ओढतोय. ड्रेनवर पूर्ण १५ आणि सोर्सवर मात्र अडीचच्या आसपास दिसलं, तर सोर्सचा रेझिस्टर सुटलाय. हा शेवटचा बिघाड मोठा शिकवणारा आहे. वाट बंद करायला लागतं तेवढंच व्होल्टेज सोर्सनं स्वतः गाठलेलं असतं, म्हणजे मीटरवर दिसतं ते त्या नगाचं `VP`.

हीच युक्ती मुद्दाम वापरता येते. सोर्सला १ मेगाओहम लावून सोर्सचं व्होल्टेज वाचा, `VP` मिळालं. मग गेट आणि सोर्स दोन्ही जमिनीला जोडा, ड्रेनचा रेझिस्टर काढा आणि पुरवठ्यातून ड्रेनकडे जाणारा प्रवाह मोजा, `IDSS` मिळालं. या दोन मोजमापांनंतर डेटा शीटच्या तीन ओळींपैकी आपला नग कुठे बसतो हे कळतं आणि २२० की १८० की २७०, हे त्याच नगासाठी काढता येतं.

मोजमाप न करता ढिगानं नग लावायचे असतील, तर मात्र या रेझिस्टरची मर्यादा समजून घ्यायला हवी. २२० चा १ किलोओहम केला तर लगाम आणखी घट्ट होईल, असं वाटतं. गणित करून पाहा: अशक्त नग ०.७, दणकट २.१५ मिलिअँपिअर. प्रवाह कमी झाले, पण त्यांचं प्रमाण पुन्हा तीनपटच, किंबहुना जरा जास्तच. रेझिस्टर मोठा होत गेला की सोर्स `VP` च्या जवळ सरकत जातो, आणि १.२ व ४ व्होल्टमधला फरक प्रवाहात जसाच्या तसा उतरतो. फरक आणखी आवळायचा तर सोर्सचं व्होल्टेज नगाच्या `VP` वर कमी विसंबेल अशी व्यवस्था करावी लागते. दोन रेझिस्टर विभागून गेटला २ व्होल्ट वर उचला आणि सोर्सला १ किलोओहम ठेवा: आता अशक्त नग २.३ वर आणि दणकट ३.६ वर येतो, तीनपटीचा फरक दीडपटीवर. ऋण बायससाठी गेट धन करायचं, हे वाचताना उलटं वाटतं. पण सोर्स त्याच्याही वर चढलेला असतो, आणि जेफेटला फरक कळतो तो फक्त या दोघांमधला.