क्रिएटीन घेतल्यानं फाटलेलं लिगामेंट लवकर बरं होतं का? दावा काय, पुरावा किती?

समजा, फलटणमधला एक मुलगा पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करतोय. धावताना पाय मुरगळतो, गुडघ्यातून 'कट' असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा सुजतो. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून स्थिर ठेवणारं लिगामेंट फाटल्याचं दिसतं. डॉक्टर ऑपरेशन आणि अनेक महिने थांबायला सांगतात. पण मोबाईलवर एक रील येतं: 'रोज ५ ग्रॅम क्रिएटीन घ्या, लिगामेंट झटपट भरून येईल.'

भरती तोंडावर असताना असं काही ऐकलं की विश्वास ठेवावासा वाटतोच. पण या दाव्यामागे पुरावा किती आहे?

क्रिएटीन शरीरात काय करतं?

शरीरातलं सुमारे ९५ टक्के क्रिएटीन स्नायूंमध्ये असतं. जोर लावताना स्नायूंना काही सेकंद झटपट ऊर्जा देणं हे त्याचं काम. म्हणूनच व्यायामासोबत ते घेतलं तर ताकद आणि स्नायू वाढायला मदत होते. याला भरपूर संशोधनाचा आधार आहे.

लिगामेंट आणि टेंडन हे स्नायू नाहीत. लिगामेंट हाडाला हाडाशी जोडतं, टेंडन स्नायूला हाडाशी. दोन्ही मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असतात. त्यांच्यात पेशी कमी आणि रक्तपुरवठाही कमी. त्यामुळे ते सावकाश भरतात. जे स्नायूला लागू पडतं ते इथेही लागू पडेल, असं गृहीत धरता येत नाही.

थेट तपासणी झाली, निकाल काय?

एसीएलच्या ऑपरेशननंतर क्रिएटीन देऊन पाहिलेला एक महत्त्वाचा अमेरिकी अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६० रुग्ण होते. काहींना पहिला आठवडा रोज २० ग्रॅम आणि पुढचे ११ आठवडे रोज ५ ग्रॅम क्रिएटीन दिलं. बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण परिणाम नसलेली पावडर दिली. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना आणि तपासणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

पायाची ताकद आणि सहा महिन्यांनी एका पायावर उडी मारण्याची क्षमता मोजली, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. शिवाय मोजली गेली ती ताकद; नवं लिगामेंट किती लवकर पक्कं झालं, हे यात तपासलंच नव्हतं.

मग दावा आला कुठून?

दोन अभ्यासांचा आधार वारंवार घेतला जातो. २००१ च्या एका अभ्यासात निरोगी तरुणांचा पाय दोन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला. नंतरच्या व्यायामात क्रिएटीन घेणाऱ्यांचे स्नायू लवकर भरून आले. पण त्यांना दुखापत झालेलीच नव्हती.

दुसरा अभ्यास २०१८ चा. घोट्याजवळच्या टेंडनला अतिवापरामुळे त्रास झालेल्या १८ किशोरवयीन जलतरणपटूंमध्ये क्रिएटीन घेणाऱ्या गटाच्या वेदना कमी झाल्या आणि ताकद चांगली परतली. निकाल आशादायक आहे, पण खेळाडू फक्त १८. दुखणं कमी होणं आणि टेंडनची रचना सुधारणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अतिवापराचा त्रास म्हणजे फाटलेलं लिगामेंटही नव्हे.

धोका नेमका कुठे?

निरोगी माणसासाठी नेहमीच्या प्रमाणातलं क्रिएटीन साधारणपणे सुरक्षित मानलं जातं. खरा धोका आहे लवकर मैदानात उतरण्याचा. ऑपरेशनमध्ये बसवलेला टेंडनचा तुकडा लिगामेंटसारखा पक्का व्हायला बरेच महिने लागतात. मांडीत जोर त्याआधीच परत येऊ शकतो. 'आता दुखत नाही, ताकदही आहे' म्हणून कोणी धावायला लागलं, तर गुडघा पुन्हा जायची भीती असते. नॉर्वेतल्या एका अभ्यासात, उड्या आणि वळणं असलेल्या खेळात नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जास्त आढळलं.

यात घाई मोठ्या खेळाडूंनाही करता येत नाही. बीडचा ऑलिंपियन धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडला. एसीएल आणि मेनिस्कसच्या दुखापतीमुळे त्याला ऑपरेशन करावं लागलं आणि मोसम अर्ध्यावर सोडावा लागला.

मग काय करायचं?

क्रिएटीन घ्यायचंच असेल, तर स्नायूंसाठी आणि डॉक्टरांना सांगून घ्यावं. विशेषतः किडनीचा त्रास असेल तर. क्रिएटीन घेतल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, त्यामुळे तपासणीआधीही सांगावं.

परतण्याचा निर्णय मात्र डब्यावरून किंवा रीलवरून घेऊ नये. फिजिओथेरपिस्ट दुखावलेल्या पायाची ताकद आणि उडी दुसऱ्या पायाशी ताडून बघतात. साधारण ९० टक्के बरोबरी, ऑपरेशनला झालेले महिने आणि सर्जनचा सल्ला, हे तिन्ही जुळले तरच पुढची पायरी. एखादी भरती हुकेल, पण गुडघा पुन्हा फाटला तर पुढच्या भरतीचीही खात्री उरत नाही.