डावीकडून उजवीकडे : समूह-छायाचित्राखालील नांवें कां चुकतात?

प्रतिवर्षीं वार्षिक अंकाच्या अखेरीस वर्गांचीं, क्रीडासंघांचीं व शिक्षकवर्गाचीं छायाचित्रें छापलीं जातात, आणि प्रत्येकाखालीं "डावीकडून उजवीकडे" या शब्दांनीं सुरू होणारी नांवांची यादी असते. चित्रांतील माणसें रोज डोळ्यांसमोर आहेत तोंवर ती यादी कोणी लक्षपूर्वक वाचीत नाहीं. पन्नास वर्षांनीं मात्र त्या चेहऱ्यांची ओळख सांगणारें तिच्यावांचून दुसरें कांहीं उरत नाहीं. आणि एखाद्या नातवानें आपले आजोबा म्हणून घरांत जपलेला चेहरा वस्तुतः त्यांच्या शेजारीं उभ्या असलेल्या सोबत्याचा निघतो. काशीगावासारख्या ठिकाणीं, जेथें बाप्तिस्म्याचें तेंच नांव व तेंच आडनांव दोन घरांत आढळूं शकतें, तेथें अशी चूक सहसा उघडकीस येत नाहीं. म्हणून ही यादी कोणकोणत्या रीतींनीं चुकते व ती कशी तपासावी, हें येथें सांगावयाचें आहे.

पहिलें कारण "डावीकडून" या शब्दांतच दडलेलें आहे. डावी बाजू कोणाची? चित्र पाहणाऱ्याची डावी बाजू ती चित्रांत बसलेल्यांची उजवी बाजू होय. पुष्कळदां छायाचित्र काढून झाल्यावर बांकावरच्या एका टोकाकडून कागद फिरविला जातो व प्रत्येक जण आपलें नांव लिहून तो पुढें सरकवितो. कागद बसलेल्यांच्या डाव्या टोकाकडून निघाला, तर छापील यादी पाहणाऱ्याच्या दृष्टीनें सबंध उलटी होते. समजा, पाहणाऱ्याच्या डावीकडून सात जण क, ख, ग, घ, च, छ, ज असे बसले आहेत. उलट्या यादींत ते ज, छ, च, घ, ग, ख, क असे येतील. सहा नांवें चुकलीं, पण मधला घ आपल्या जागीं बिनचूक राहिला! आणि मधल्या खुर्चीवर बहुधा मुख्याध्यापक किंवा पाहुणे असतात. त्यांनाच सर्व लोक ओळखतात. त्यांचें नांव बरोबर दिसलें कीं वाचणारा सगळी ओळ बरोबर मानून पान उलटतो. तात्पर्य, ज्या एका चेहऱ्यावरून यादी पारखली जाते, तोच चेहरा ही चूक दाखवूं शकत नाहीं.

उलटी यादी छपाईच्या दोषानेंहि उत्पन्न होते. कांचेची अथवा फिल्मची निगेटिव्ह पालथी ठेवून प्रत काढली, किंवा हल्लींप्रमाणें पानाची रचना साधण्यासाठीं संगणकावर चित्र फिरविलें, म्हणजे आरशांतल्यासारखी प्रतिमा तयार होते. अशा वेळीं यादी खरी असूनहि चित्र खोटें असतें. याची खूण कपड्यांवर सांपडते. पुरुषांच्या कोटाचा छातीवरचा खिसा घालणाऱ्याच्या डाव्या बाजूस असतो, म्हणजे सरळ चित्रांत तो पाहणाऱ्यास उजवीकडे दिसला पाहिजे. आणि कोटाचा डावा पदर उजव्या पदरावर आलेला असतो. एकाच माणसावर विसंबूं नये. रांगेंतील सर्वांचे खिसे पाहावे. मागें पाटी किंवा फलक असल्यास त्यावरील अक्षरें तर तत्काळ साक्ष देतात. खिसे सरळ असून नांवें उलटीं असलीं तर दोष कागद फिरविणाऱ्याचा. खिसेच उलटे असले तर दोष प्रत काढणाऱ्याचा.

दुसरी चूक एका जागेनें सरकण्याची. मागच्या रांगेंत अर्धवट झांकलेला एखादा चेहरा मोजावयाचा राहतो, किंवा ऐन वेळीं शाळेचा शिपाई कडेला येऊन उभा राहतो व त्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. तेथून पुढचें प्रत्येक नांव शेजाऱ्यावर जाऊन बसतें. चेहरे नऊ व नांवें आठ असलीं तर ही चूक निदान मोजून तरी कळते. खरा घोंटाळा दोन चुका एकमेकींस झांकतात तेव्हां होतो. यादींत क, ख, ग, घ, च, छ, ज, झ अशीं आठ नांवें आहेत. त्या दिवशीं ग गैरहजर होता, आणि ज व झ यांच्या मध्यें यादींत नसलेला एक पाहुणा उभा राहिला. आतां चेहरेहि आठच आहेत. परंतु ग हें नांव घ वर गेलें, घ हें च वर, च हें छ वर, छ हें ज वर आणि ज हें त्या पाहुण्यावर. दोन्ही टोकांकडील क, ख व झ बरोबर. मधले पांच चूक. टोकांवरची दोन नांवें ताडून समाधान मानणाऱ्यास ही यादी निर्दोष वाटेल.

तिसरें कारण सर्वांत फसवें असतें. यादी चेहरे पाहून न करितां हजेरीपटावरून अथवा पदाधिकाऱ्यांच्या नोंदीवरून केली जाते. जे असावयास हवे होते, त्यांनाच चित्रांत बसविलें जातें. याच्या उलट, नांवें खरीं असूनहि चित्रास तारीख मात्र कागदपत्रांवरून चिकटविली जाते. याचें उत्तम उदाहरण म्हणजे भारताच्या घटनेच्या मसुदा समितीचें प्रसिद्ध छायाचित्र. त्यांत मध्यभागीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेले आहेत. त्याखालीं पुष्कळ ठिकाणीं असा मजकूर आढळतो कीं, हें छायाचित्र २९ ऑगस्ट १९४७ चें असून त्यांत अध्यक्ष डॉ. आंबेडकर इतर सभासदांसह आहेत. डावीकडून बसलेले एन. माधव राव, सय्यद मुहम्मद सादुल्ला, डॉ. आंबेडकर, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर व सर बेनेगल नरसिंग राव. उभे असलेले एस. एन. मुखर्जी, जुगल किशोर खन्ना व केवल कृष्ण.

आतां हा मजकूर नोंदींशीं ताडून पाहूं. २९ ऑगस्ट १९४७ हा घटना समितीनें मसुदा समिती नेमल्याचा दिवस. नेमलेले सभासद सात होते : डॉ. आंबेडकर, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, एन. गोपालस्वामी अय्यंगार, कन्हैयालाल मुनशी, सादुल्ला, सर बी. एल. मित्तर व डी. पी. खेतान. समितीची पहिली बैठक दुसऱ्या दिवशीं, ३० ऑगस्टला भरली, व तींत डॉ. आंबेडकर अध्यक्ष निवडले गेले. म्हणजे २९ तारखेस समितीला अध्यक्षच नव्हता. शिवाय माधव राव हे मूळच्या सातांत नाहींत; मित्तर समितींतून गेल्यावर त्यांच्या जागीं ते मागाहून आले. नरसिंग राव तर समितीचे सभासद कधींच नव्हते. ते घटना समितीचे घटनाविषयक सल्लागार होते. बसलेल्या पांचांपैकीं मूळचे सभासद तिघेच ठरतात.

यावरून निष्कर्ष काय निघतो? नांवें व तारीख हीं दोन्ही एकाच वेळीं खरीं असूं शकत नाहींत. त्यांतलें कोणतें चूक, हें ठरविण्यास बसलेल्यांचे चेहरे त्यांच्या इतर स्वतंत्र छायाचित्रांशीं ताडावे लागतात. पहिल्या खुर्चीवर माधव रावच आहेत असें त्यावरून ठरलें, म्हणजे चित्र मित्तर गेल्यानंतरचें, आणि टाकून द्यावयाची ती तारीख. याऐवजीं कोणी तारखेवर भिस्त ठेवून सातांची यादी पुढें घेतली व ती खुर्च्यांवर वांटली, तर माधव रावांचे मित्तर होतील व नरसिंग रावांचे मुनशी. आणि "सभासदांसह" या एका शब्दानें उभी रांगहि हरवण्याचा संभव आहे. त्या रांगेंतील मुखर्जी हे मसुद्याचे प्रमुख लेखक. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना समितीपुढें बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं नरसिंग राव व मुखर्जी या दोघांसहि आवर्जून श्रेय दिलें. सभासदांचा तक्ता हातीं घेऊन पाहणाऱ्यास या दोघांचींहि नांवें त्यांत सांपडणार नाहींत.

तपासणीची रीत या तीन प्रकारांवरूनच ठरते. प्रथम नांवें झांकून ठेवावीं व प्रत्येक रांगेंतील डोकीं मोजावीं. मागाहून नांवें मोजावीं. दोन रांगांच्या मध्यें अवघडून उभा असलेला माणूस कोणत्या रांगेचा धरला, तें त्याच वेळीं लिहून ठेवावें. मग चित्रावर पातळ कागद ठेवून डोक्यांच्या बाह्यरेषा काढाव्या आणि प्रत्येकींत आंकडा घालावा. यापुढें नांव आंकड्यास जोडावयाचें, ओळींतील क्रमास नव्हे.

नंतर रांगेंत खुंट ठोकावे; म्हणजे ज्यांची ओळख यादीवांचून अन्य पुराव्यानें पक्की आहे असे चेहरे शोधावे. मधल्या खुर्चीचा खुंट निरुपयोगी, हें वर पाहिलेंच. एक डाव्या टोकाजवळ, एक उजव्या टोकाजवळ, व मध्य आणि टोक यांच्या दरम्यान दोन्ही बाजूंस एकेक, असे चार तरी असावे. टोकांची अदलाबदल दिसली तर यादी उलटी आहे. टोकें जुळून दरम्यानचा खुंट एका घरानें ढळला तर त्याच्या अलीकडे कोणी तरी गळला किंवा घुसला आहे.

वृद्ध माणसांस विचारतांना एक पथ्य पाळावें. "हे अमुकच ना?" असें विचारूं नये, कारण सौजन्यानें बहुतेक जण "होय" म्हणतात. छापील नांवें झांकून चेहऱ्यावर बोट ठेवावें व "हे कोण?" एवढेंच विचारावें. दोघांस निरनिराळ्या वेळीं विचारावें, आणि कोणी काय सांगितलें तें त्यांच्या नांवासह टिपावें. शेवटीं शाळेच्या नोंदणीपुस्तकांतील प्रवेशाच्या व शाळा सोडल्याच्या तारखा पाहाव्या. चित्राच्या आदल्या वर्षीं शाळा सोडून गेलेला विद्यार्थी वर्गाच्या रांगेंत नांवानें उभा असेल, तर नांव तरी चूक आहे किंवा वर्ष तरी.

नवी यादी लिहितांना "पाहणाऱ्याच्या डावीकडून" असे पूर्ण शब्द लिहावे. रांगांस "जमिनीवर बसलेले", "खुर्चीवर बसलेले", "उभे" अशीं नांवें द्यावीं. गैरहजर असलेल्यांचीं नांवें निराळीं लिहावीं. ज्याची ओळख पटत नाहीं, त्याची जागा वगळूं नये. तेथें "नांव अज्ञात" असें लिहावें, म्हणजे पुढचीं नांवें सरकत नाहींत. जुनी यादी चुकीची ठरली तरी ती खोडूं नये. मागील बाजूस, कडेच्या कोऱ्या पट्टीवर, मऊ शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें दुरुस्ती, तिचें कारण व तारीख लिहावी. शाई कागदांतून चेहऱ्यापर्यंत झिरपते. पुढें अधिक चांगला पुरावा हातीं आला, तर आपली दुरुस्तीहि कोणास तरी तपासून पाहतां आली पाहिजे.