मराठी शोधासाठी मॉडेल निवडताना

वडील वारले, पण सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. मुलगा मोबाइलवर लिहितो, `vadil gele satbara var nav kasa lavaycha`. त्याला हवा असलेला परिच्छेद मात्र ‘मयत खातेदाराच्या वारसांची नोंद’ अशा शब्दांत लिहिलेला असतो. लिपीही वेगळी, शब्दही वेगळे. एम्बेडिंग मॉडेल मजकुराचं रूपांतर आकड्यांच्या लांब रांगेत करतं. अर्थाने जवळचे मजकूर त्या आकड्यांतही जवळ यावेत, अशी अपेक्षा असते. मराठीत ती किती पुरी होते, हे प्रत्येक मॉडेलनुसार बदलतं.

multilingual-e5, BGE-M3, पुण्याच्या L3Cube गटाची मराठी मॉडेल, असे मोफत पर्याय बरेच आहेत. गुणतक्त्यातल्या क्रमांकावरून त्यांतलं एक उचलू नये. चाचणी आपल्याच कागदांवर घ्यावी.

जमिनीच्या कामांची माहिती शोधायची असेल, तर लोकांच्या वीस गरजा घ्या. प्रत्येक गरज तीन प्रकारे लिहून घ्या: देवनागरीत, ‘सातबारावर heir entry कशी करायची’ अशा मिश्र भाषेत आणि रोमन लिपीत. प्रश्न लिहिणाऱ्यांनी मूळ कागद वाचलेले नसावेत; नाहीतर कागदातलेच शब्द प्रश्नात उतरतात आणि परीक्षा फार सोपी होते. प्रत्येक प्रश्नाचा योग्य परिच्छेद आधीच ठरवून ठेवा. संग्रहात बोजा कमी करणं, पीक पाहणी असे जवळचे विषयही असू द्या. मग योग्य परिच्छेद पहिल्या पाचांत येतो का, ते मोजा.

समजा, पहिल्या मॉडेलला देवनागरीत १८, मिश्र भाषेत १७ आणि रोमनमध्ये ७ बरोबर आले. दुसऱ्याला १५, १५ आणि १३. बेरीज ४२ आणि ४३, म्हणजे दोघं सारखेच वाटतात. पण लोक मुख्यतः रोमनमध्ये लिहीत असतील, तर माझी निवड दुसरं. किंवा रोमन प्रश्न आधी देवनागरीत बदलून पहिल्याची चाचणी पुन्हा घ्यावी. वीस प्रश्नांत एकदोनचा फरक मात्र निर्णायक मानू नये.

काही वेळा मॉडेल चांगलं असूनही गुण पडतात. E5 ला प्रश्नापुढे `query: ` आणि परिच्छेदापुढे `passage: ` लागतं; ते विसरलं तर निकाल घसरू शकतो. शिवाय त्याचे साम्यगुण बहुतेक ०.७ च्या वरच असतात, त्यामुळे ०.८ दिसलं म्हणून उत्तर सापडलं असं होत नाही. कोण वर आणि कोण खाली, एवढंच पाहावं. आणि त्याची मर्यादा ५१२ टोकनांची असल्याने लांब शासन निर्णयाचा उरलेला भाग त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. परिच्छेद आधीच तोडून द्यावेत.

त्याच प्रश्नांवर साधा शब्दशोधही चालवून पाहा. ‘गट नंबर १४३/२’ विचारलं, तर एम्बेडिंगला १४३/२ आणि १३४/२ जवळजवळ सारखेच वाटू शकतात. तिथे अचूक शब्द जुळवणारा शोधच भरवशाचा, म्हणून दोन्हींचे निकाल एकत्र करावेत.