रात्रीत एका बाजूला बसलेली गाडी

मोठ्या एसयूव्हीत किंवा महागड्या सेडानमध्ये लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराच्या हवाभरल्या पिशव्या असतात. सेन्सर गाडीची उंची मोजतात, कॉम्प्रेसर हवा पुरवतो. रबर जुने झाले की घडीच्या जागी बारीक चिरा पडतात. मग रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात खाली बसलेली दिसते.

इंजिन चालू केल्यावर कॉम्प्रेसर घरघरतो आणि गाडी हळूहळू वर येते. बरेच जण इथेच निर्धास्त होतात, पण खरे नुकसान आता सुरू होते. गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसरला वारंवार चालावे लागते, तो तापतो आणि शेवटी जळतो. पिशवीच्या खर्चात मग कॉम्प्रेसरच्या खर्चाचीही भर पडते.

पडद्यावरचा इशारा नीट वाचा. मर्सिडीजमध्ये ‘Vehicle Rising’ आले, तर गाडी उंची घेते आहे. संदेश जाईपर्यंत थांबा. लाल ‘STOP Vehicle Too Low’ आले, तर सुरक्षित जागी थांबा. अशा गाडीला खड्ड्यात दणके बसतात, टायर मडगार्डला घासतो, वळणावर ती एकीकडे कलते. ती टो न करता फ्लॅटबेडवर न्या.

गळती शोधायला मेकॅनिक पिशवीवर आणि जोडांवर साबणाचे पाणी मारतो. बुडबुडे जागा दाखवतात. तुम्ही मात्र खाली डोकावायला गाडीखाली शिरू नका, ती अचानक बसू शकते.