भिंत न आखता केलेली फुलदाणी

थ्रीडी प्रिंटरसाठी पहिल्यांदा फुलदाणी काढणारा माणूस बहुधा ती पोकळच काढतो. एक बाहेरचा आकार, एक आतला, मध्ये दीड मिलिमीटरची भिंत. मग तो ‘व्हाज मोड’ लावतो आणि सगळा घोटाळा होतो. कारण या पद्धतीत यंत्र प्रत्येक थरात एकाच बंद रेषेवरून फिरतं, आणि पोकळ चित्रात अशा दोन रेषा असतात. म्हणून इथे फुलदाणी भरीव ठोकळ्यासारखी काढायची. ती पोकळ करण्याचं काम स्लायसरचं, म्हणजे चित्राचे थर पाडून यंत्राला वाट आखून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं.

नेहमीच्या छपाईत नोझल एक थर पुरा करतं, थांबतं, वर सरकतं. त्या थांब्यांची उभी शिवण वस्तूवर दिसत राहते. व्हाज मोडमध्ये तळ झाला की नोझल फिरता फिरताच चढत जातं आणि काठापर्यंत एकच अखंड रेष सोडतं, त्यामुळे शिवण राहत नाही. मात्र भिंतीची जाडीही त्या एका रेषेइतकीच. सोऱ्याला शेवेची चकती लावून चकली पडत नाही, तसंच हे. जाडी चित्रात ठरत नाही, नोझलवर ठरते.

तरीही थोडी मोकळीक असते. ०.४ मिलिमीटरच्या नोझलच्या भोकाभोवती सपाट कडा असते. प्लास्टिक जास्त सोडलं की ही कडा ते दाबून पसरवते, म्हणून रेष ०.६ मिलिमीटरपर्यंत आरामात रुंद करता येते. शोभेच्या फुलदाणीला मी हीच रुंदी घेईन. ०.४ ची भिंत बोटांनी दाबली तर थराथरांतून चिरते. उलट ०.८ च्या आसपास गेलं की रेषेची बाजू सपाट कडेच्या दाबाखाली नीट येत नाही आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. त्याहून जाड भिंत हवी असेल तर नोझलच मोठं लावावं.

आता पीळ. ओपनएससीएडीमध्ये १५० मिलिमीटर उंचीची, गोल कोपऱ्यांची षटकोनी फुलदाणी एवढ्यात होते:

```
linear_extrude(height=150, twist=120, slices=300)
  offset(r=6, $fn=48) circle(r=34, $fn=6);
```

`slices` म्हणजे पीळ किती टप्प्यांत द्यायचा. आकडा लहान ठेवला तर वळणाऐवजी पायऱ्या दिसतात. इथे दर अर्ध्या मिलिमीटरला आकार ०.४ अंश फिरतो.

पीळ किती द्यावा, हा प्रश्नही अखेर रेषेच्या रुंदीशी येऊन थांबतो. वरचा थर खालच्यावर टेकला पाहिजे. आकार फिरतो तेव्हा बाजूचा मधला भाग जवळजवळ जागच्या जागी राहतो, कोपऱ्याजवळचा भाग मात्र बाहेर किंवा आत सरकतो. आपल्या षटकोनात १२० अंशांच्या पिळाला ०.२ मिलिमीटरच्या एका थरात हे सरकणं जास्तीत जास्त ०.०५ मिलिमीटर येतं. ०.६ च्या रेषेला ते जाणवतही नाही. पूर्ण ३६० अंश पीळ दिला तर सरकणं ०.१४ होतं, म्हणजे जवळपास पाव रेष अधांतरी, आणि भिंत उभ्या रेषेपासून ३५ अंश कलते. पंखा चालू असेल तर पीएलए तेवढं निभावून नेतं. खोल पाकळ्यांचा तारा घेतला की तोच पीळ भारी पडतो, कारण पाकळीच्या कडा फिरण्याच्या दिशेला आडव्या येतात. कल ४५ अंशांपुढे गेला की काय होतं ते फुलदाणीच्या खालच्या अंगाला दिसतं: रेषा सैल पडतात, लोंबतात.

कलत्या भिंतीची आणखी एक गंमत आहे. रेषेची रुंदी आडवी मोजली जाते, पण कॅलिपर भिंतीला काटकोनात लागतो. ३५ अंश कललेली ०.६ ची भिंत त्यामुळे ०.५ च्या खालीच भरते. यंत्राला दोष देण्याआधी सरळ नळीचा छोटा तुकडा छापून तो मोजावा.

प्रुसास्लायसरमध्ये `Spiral vase` आणि क्युरामध्ये `Spiralize Outer Contour` हा पर्याय लावायचा, तळाला चार थर ठेवायचे, बस्स. कान, दुहेरी पाय, भिंतीत भोकं हे सगळं वर्ज्य, कारण कुठल्याही उंचीवर आकाराची बाहेरची रेषा एकच हवी. आपल्या फुलदाणीचा एक फेरा सुमारे २४२ मिलिमीटरचा. असे ७५० फेरे, सेकंदाला ३० मिलिमीटर वेगाने, पावणेदोन तासांच्या आत होतात आणि भिंतीला साधारण २७ ग्रॅम पीएलए लागतं.

झालेली फुलदाणी दिव्यासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर प्लास्टिक कमी पडलं आहे. तळ संपून भिंत जिथे सुरू होते तो सांधा आधी तपासा, गळती बहुतेक तिथेच असते. ठिपके नसले तरी एकेरी भिंतीवर विसंबून टेबलावर पाणी भरून ठेवू नका. वाळलेली फुलं ठेवा, नाहीतर आत काचेची नळी बसवा.