आकडा नसलेल्या स्तंभाची लांबी कशी वाचावी?

वर्तमानपत्रातल्या रंगीत इन्फोग्राफिकमध्ये एक अडचण नेहमी येते. दोन-तीन स्तंभांवर आकडे असतात, बाकीचे कोरे. नेमका आपल्याला हवा तोच आकडा दिलेला नसतो. तरीही फूटपट्टी आणि थोडे गणित यांनी तो बऱ्यापैकी काढता येतो.

समजा, 2011च्या जनगणनेतली राज्यांची लोकसंख्या आडव्या स्तंभांनी दाखवली आहे. उत्तर प्रदेशावर 19.98 कोटी आणि बिहारवर 10.41 कोटी असे लिहिले आहे. महाराष्ट्र, गोवा कोरे. उत्तर प्रदेशाचा स्तंभ 100 मिलिमीटर भरला, म्हणजे एका मिलिमीटरला सुमारे 20 लाख माणसे. महाराष्ट्राचा स्तंभ 56 मिलिमीटर भरला, तर उत्तर 11.2 कोटी. जनगणनेचा खरा आकडा 11.24 कोटी आहे.

पण हा हिशेब स्तंभ शून्यापासून सुरू होत असेल तरच खरा. ते तपासायला बिहार उपयोगी पडतो. त्याची लोकसंख्या उत्तर प्रदेशाच्या निम्म्याहून किंचित जास्त, म्हणून त्याचा स्तंभ 52 मिलिमीटर हवा. तो 36च भरला, तर जागा वाचवायला किंवा फरक मोठा दिसावा म्हणून स्तंभांचा सुरुवातीचा भाग कापलेला असू शकतो. अशा चित्रात महाराष्ट्राचा स्तंभ 42 मिलिमीटर दिसेल आणि जुन्या हिशेबाने 8.4 कोटी असे साफ चुकीचे उत्तर येईल.

मग दोन ज्ञात स्तंभांतला फरक वापरायचा. लांबीतला फरक 64 मिलिमीटर, लोकसंख्येतला 9.57 कोटी; म्हणजे मिलिमीटरला सुमारे 15 लाख. महाराष्ट्र बिहारपेक्षा 6 मिलिमीटर पुढे, म्हणून 10.41 कोटींत 90 लाख मिळवायचे. उत्तर 11.3 कोटी. सुरुवात कुठून आहे हे माहीत नसतानाही आकडा जवळपास बरोबर येतो. तिसरा ज्ञात आकडा असेल तर तो याच हिशेबाने काढून पाहावा. तोही जुळला नाही, तर चित्रच प्रमाणात काढलेले नाही असे समजावे आणि मोजणे सोडून द्यावे.

लहान स्तंभांपाशी मात्र ही रीत हरते. फूटपट्टीने मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते. पहिल्या चित्रात ती 10 लाखांची. महाराष्ट्राच्या बाबतीत हे एक टक्क्याहूनही कमी. गोव्याची लोकसंख्या मात्र साडेचौदा लाखांच्या आसपास, म्हणजे स्तंभ पुरता एक मिलिमीटरही नाही. तिथे मोजमाप निरर्थक. ‘20 लाखांहून कमी’ एवढेच म्हणता येते.

म्हणून असा आकडा पुढे वापरताना ‘11.1 ते 11.3 कोटींच्या दरम्यान, आलेखावरून मोजलेला’ असे लिहावे. त्यापुढचे दशांश लिहू नयेत. आणि मूळ तक्ता मिळाला, की हा अंदाज बाजूला ठेवून तक्त्यातलाच आकडा घ्यावा.